भाडेकराराचे फोटो आणि आईबाबांसाठी एक पान

प्रश्न: "धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेलाय. त्याने लिव्ह अँड लायसन्सच्या इंग्रजी कराराचे बारा पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत. १ जून २०२५ पासून ११ महिने, भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००, सहा महिने लॉक-इन. आईबाबांना कळेल असं मराठीत, जबाबदाऱ्या, तारखा आणि दंड या तीन मथळ्यांखाली मांडायचंय. पण एकच कलम तिन्हीकडे जातंय, आणि काही कलमं तर कुठेच बसत नाहीत. हे काम नेमकं कसं करतात?"

उत्तर:

एकच कलम तिन्हीकडे जातंय, याचा अर्थ तुम्ही ते नीट वाचलंय. अडचण आहे ती कलमं उचलून मथळ्यांखाली ठेवायचा प्रयत्न करण्यात. करारातली कलमं लिहिणाऱ्याच्या सोयीने पाडलेली असतात. "भाडे व अनामत" नावाच्या एका कलमात भाडं किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, उशीर झाला तर काय आणि डिपॉझिट परत कधी, अशा पाच वेगळ्या गोष्टी एका दमात सांगून टाकलेल्या असतात. ते कलम अख्खं एका मथळ्याखाली बसणारच नाही.

मी पुण्यात अठरा वर्षं भाडेकरारांचं काम करते. करार लिहिते, नोंदणीला पाठवते, आणि त्याहून जास्त वेळ लोकांना त्यांचे स्वतःचेच करार समजावून सांगते. माझी पद्धत अशी आहे की आधी मथळे विसरायचे. कलम वाचायचं आणि त्यातून "एका माणसाने करायचं एक काम" एवढाच तुकडा काढून एका ओळीत लिहायचा. त्या ओळीला चार प्रश्न विचारायचे: कोणी, काय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय. शेवटी कंसात पान आणि कलम क्रमांक. चारांपैकी एखाद्याचं उत्तर करारात नसेल तर तिथे रेघ मारून जागा मोकळी सोडायची. अंदाजाने भरायची नाही. अशा पंचवीस-तीस ओळी झाल्या की तीन मथळे आपोआप तयार होतात, कारण ते या ओळींचेच तीन क्रम असतात. माणसाप्रमाणे लावल्या की जबाबदाऱ्या, दिवसाप्रमाणे लावल्या की तारखा, रकमेप्रमाणे लावल्या की दंड. एकच ओळ तिन्हीकडे दिसली तर ती चूक नाही.

पण त्याआधी फोटो. माझी एक चूक सांगते, म्हणजे मी यावर इतका जोर का देते ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वडिलांसाठी मी असाच कागद केला. एका फोटोत पानाची शेवटची ओळ मुलाच्या अंगठ्याखाली झाकली गेली होती. पुढच्या पानाची सुरुवात "कोणतीही वजावट न करता" अशा अर्थाच्या शब्दांनी होत होती, आणि त्याखाली लगेच डिपॉझिटचं कलम होतं. मी लिहून दिलं की डिपॉझिट पूर्ण परत मिळेल, काही कापणार नाहीत. प्रत्यक्षात ते शब्द आधीच्या, झाकलेल्या वाक्याची शेपटी होते: भाडं वजावट न करता द्यायचं. डिपॉझिटमधून तर वीजबिल, मोडतोड, थकबाकी सगळं कापायची मुभा मालकाला होती. घर सोडताना त्या वडिलांनी माझा कागद मालकापुढे धरला, तेव्हा हे कळलं. त्या दिवसापासून मी पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जोडून मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

तेव्हा भावाला सांगा की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठव. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षर फुटतं. त्याहून सोपी वाट म्हणजे, करार ऑनलाइन नोंदवला असेल तर एजंटकडे त्याची पीडीएफ असतेच, तीच मागवा. नसेल तर पानं क्रमाने लावा आणि मोजा. पानावर "१२ पैकी ७" असं काही छापलेलं असेल तर त्यावरून, नाहीतर कलमांच्या क्रमांकावरून. कलम ९ नंतर एकदम ११ आलं तर एक पान गळालंय. शेवटची परिशिष्टं लोक हमखास सोडतात, आणि पंखे किती, गीझर आहे का, गाद्या कोणाच्या, ही यादी तिथेच असते. घर सोडताना भांडण होतं ते याच यादीवरून.

फोटोतून मजकूर काढून देणारी ॲप वापरायला हरकत नाही, टायपिंग वाचतं. फक्त आकडे आणि "नाही" हा शब्द त्यांच्यावर सोडू नका. शिक्क्याखालचा आकडा ते हवा तसा वाचतात, आणि मराठी करार असेल तर १ आणि ९ मध्ये गफलत होते. प्रत्येक रक्कम अक्षरी लिहिलेल्या रकमेशी ताडून बघा. करारात दोन्ही असतात ते त्यासाठीच. नोंदणी झालेली असेल तर सोबत "सूची क्रमांक दोन" नावाचं मराठी पान असतं. त्यात दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक वेगवेगळे दिलेले असतात. या दोन्ही तारखा घरात राहायला जायच्या तारखेपेक्षा निराळ्या असू शकतात. अकरा महिने मोजायचे ते करारात "पासून" म्हणून दिलेल्या तारखेपासून, सहीच्या तारखेपासून नाही. तुमच्या भावाचे १ जून २०२५ पासून, म्हणजे शेवटचा दिवस ३० एप्रिल २०२६. १ मे नव्हे. हा एक दिवस पुढे महाग पडतो, ते येईलच.

आता भाषा. इंग्रजी करारात घरमालक "लायसन्सर" आणि राहणारा "लायसन्सी" असतो. इंग्रजीत दोन शब्दांत फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा फरक, आणि थकलेल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मी पहिल्याच वाचनात मालक हिरव्या आणि राहणारा निळ्या शाईने अधोरेखित करते. दुसरा सापळा याहून मोठा आहे. आपल्याकडच्या छापील नमुन्यांत भाड्याला बहुतेक वेळा "मंथली कॉम्पेन्सेशन" म्हटलेलं असतं. शब्दकोशात बघाल तर कॉम्पेन्सेशन म्हणजे भरपाई. मग लोक "दरमहा १८,००० भरपाई" दंडाच्या मथळ्याखाली टाकतात आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ते साधं भाडं आहे. तसं लिहिण्याचं कारण एवढंच की लायसन्समध्ये भाडेकरूचा हक्क तयार होत नाही हे मालकाला ठसवायचं असतं, म्हणून "रेंट" हा शब्द टाळतात. खरी भरपाई शोधायची असेल तर "डॅमेजेस", "फॉरफिट", "डिडक्ट", "अ‍ॅडजस्ट" हे शब्द शोधा. दंड असं सरळ कुठेच लिहिलेलं नसतं. बहुतेक भुर्दंड डिपॉझिटमधून "वळते करण्याच्या" रूपात येतात.

आणखी दोन शब्द बघा. "शॅल" म्हणजे करावंच लागेल, ते जबाबदारीत जातं. "मे" किंवा "शॅल बी एन्टायटल्ड टू" म्हणजे मुभा आहे, हक्क आहे. मालकाला घर बघायला यायची मुभा आहे, ही त्याची जबाबदारी नाही. पण त्याच वाक्यात "आधी कळवून" असं असेल तर कळवणं ही त्याची जबाबदारी, आणि येऊ देणं ही तुमच्या भावाची. एका वाक्यातून दोन ओळी निघाल्या.

आता लॉक-इनचं कलम घेऊ, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, पण पुण्यातल्या प्रचलित नमुन्यात हे कलम साधारण असं असतं, मराठीत अर्थ सांगते: लॉक-इन सहा महिन्यांचा राहील, त्या काळात मालक राहणाऱ्याला घर सोडायला सांगणार नाही आणि राहणाराही स्वतःहून सोडणार नाही, तरीही राहणाऱ्याने कोणत्याही कारणाने सोडलं तर उरलेल्या लॉक-इन काळाचं भाडं तो मालकाला देईल, आणि मालकाने सोडायला लावलं तर राहणाऱ्याला झालेलं नुकसान व गैरसोय तो भरून देईल.

याच्या चार ओळी होतात. राहणारा: ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत घर सोडायचं नाही. मालक: त्याच तारखेपर्यंत घर सोडायला सांगायचं नाही. राहणाऱ्याने मोडलं तर: उरलेल्या दिवसांचं भाडं. मालकाने मोडलं तर: नुकसानभरपाई, रक्कम रेघ. चौथ्या ओळीतली ती रेघ नीट बघा. राहणाऱ्याचा भुर्दंड आकड्यात मोजता येतो, मालकाचा येत नाही. कलम वाचताना दोन्ही बाजू समान वाटतात, ओळी पाडल्या की असमान दिसतात. ही गोष्ट आईबाबांच्या पानावर यायला हवी.

आता याच्यासोबत नोटिशीचं कलम. ते सहसा दोन-तीन कलमं आधी येतं आणि "सब्जेक्ट टू" म्हणजे "लॉक-इनच्या अटीला धरून" असं सुरू होतं. एक महिन्याची लेखी नोटीस देऊन दोघांपैकी कोणीही करार संपवू शकतो. "सब्जेक्ट टू" दिसलं की समजायचं, हे कलम दुय्यम आहे आणि ज्याचा उल्लेख केलाय ते वरचढ. म्हणजे नोटीस दिली तरी लॉक-इन सुटत नाही.

मग प्रश्न येतो की लॉक-इन चालू असताना नोटीस देता येते का? समजा, भावाला नोव्हेंबरअखेर निघायचंय. एका वाचनाने त्याने ३१ ऑक्टोबरला नोटीस दिली, नोव्हेंबरचा महिना भरला, ३० नोव्हेंबरला किल्ली दिली, हिशेब संपला. दुसऱ्या वाचनाने नोटीस लॉक-इन संपल्यावरच द्यायची, म्हणजे १ डिसेंबरला देऊन ३१ डिसेंबरला निघायचं. फरक एका महिन्याच्या भाड्याचा, १८,००० रुपयांचा. काही करारांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, बऱ्याच करारांत नसतं. नसेल तर तुम्ही निकाल देऊ नका. दोन्ही वाचनं पानावर लिहा आणि भावाला सांगा, मालकाला आत्ताच, संबंध चांगले असताना, मेसेज करून विचार आणि उत्तर जपून ठेव. पहिलं वाचन मला रास्त वाटतं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक मालकही ते मान्य करतात. पण ते मान्य करतील हे तुमच्या पानावर करारातली गोष्ट म्हणून येऊ देऊ नका.

तारखांच्या मथळ्यात दोन जाती वेगळ्या ठेवा. एक, कॅलेंडरवर खूण करता येईल अशा तारखा: दरमहा भाड्याची तारीख, लॉक-इनचा शेवट, कराराचा शेवट. दोन, काहीतरी घडल्यावर सुरू होणारं घड्याळ: नोटीस मिळाल्यापासून एक महिना, घर रिकामं केल्यावर डिपॉझिट परत. दुसऱ्या जातीपुढे तारीख लिहू नका, "कशापासून" ते लिहा. नोटीस पाठवल्यापासून की पोहोचल्यापासून, हे करारात असेल तर शब्दशः उचला. टपालाने पाठवली तर त्यातच चार-पाच दिवस जातात.

करार आपोआप पुढे चालू राहतो असा एक समज घरोघरी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की राहण्याची परवानगीच संपते. नवा करार करायचा असेल तर तो ३० एप्रिलच्या आधी बोलून ठरवावा लागतो. म्हणून मी तारखांमध्ये करारात नसलेली एक ओळ स्वतःहून घालते: "मार्चमध्ये मालकाशी पुढचं बोलायचं". ती करारातली नाही, माझी सूचना आहे, असं तिथे लिहिते. करारातलं आणि आपलं यांची सरमिसळ झाली की कागदावरचा विश्वास जातो.

दंडाच्या मथळ्यातली सगळ्यांत जड ओळ असते मुदतीनंतर राहण्याची. नमुन्यात लिहिलेलं असतं की मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर रोजच्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. हे कलम नसलं तरी सुटका नाही. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्येच दुप्पट दर आहे. आईबाबांसाठी "दुप्पट दर" असं लिहून थांबू नका, रुपयात उतरवा. १८,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला ६००, दुप्पट १,२००. भावाने नवं घर मिळेना म्हणून ९ मेपर्यंत मुक्काम केला तर नऊ दिवसांचे १०,८००. कराराचा शेवट १ मे समजून एक दिवस जास्त राहिला तरी १,२०० मागता येतात. बहुतेक मालक एका दिवसासाठी मागत नाहीत, पण डिपॉझिटवरून वाजलं की जुनं सगळं हिशेबात येतं.

याच मथळ्यात कारणं आणि रक्कम एकमेकांना बांधून ठेवा. "डिपॉझिटमधून कपात" अशी एकच ओळ लिहिली तर आईबाबांना वाटेल ५०,००० बुडीतच. कशासाठी कापता येतं ते करारात दिलेलं असतं, सहसा थकलेलं भाडं, वीजबिल आणि वापराच्या नेहमीच्या झिजेपलीकडची मोडतोड. ही "नेहमीच्या झिजेपलीकडची" सवलत तुमच्या करारात आहे का, ते शोधा. ती असेल तर भिंतीचा रंग उडाला म्हणून पैसे कापायला मालकाला अडचण येते. नसेल, किंवा उलट "सोडताना रंगकामाचे अमुक" अशी ओळ असेल, तर ती रकमेसकट दंडात. अशी ओळ हाताने समासात लिहिलेली असेल तर ती कोणत्या प्रतीवर आहे आणि शेजारी दोघांच्या सह्या आहेत का, तेही लिहा. नोंदणी झालेल्या प्रतीत नसलेली, सही नसलेली ओळ ही करारातली अट म्हणून पानावर आणू नका.

कुठेच न बसणारी कलमं म्हणालात, ती दोन प्रकारची. एक म्हणजे "यातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही" यांसारखी, जी कोणाला काही करायला सांगत नाहीत. त्यांना पानाच्या वर एक वाक्य द्या: "हा राहण्याचा परवाना आहे, घरावर हक्क मिळत नाही." बस. दुसरा प्रकार महत्त्वाचा, ज्यात काम आहे पण वेळ नाही, किंवा वेळ आहे पण मोडल्यावर काय ते नाही. त्यांच्यासाठी चौथा मथळा करा: "करारात स्पष्ट नाही, मालकाला विचारायचं". तीनच हवेत असा हट्ट धरला की लोक नकळत रिकाम्या जागा भरतात. हा चौथा मथळाच पुढे भावाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

सगळं करून पान साधारण असं दिसेल. तुमचे आकडे आणि प्रचलित नमुन्यातली कलमं धरून लिहिते. तुमच्या कराराशी ताडून बदला, आणि प्रत्येक ओळीपुढे पान-कलम क्रमांक घाला.

कोणी काय करायचं
भावाने: दरमहा १८,००० आगाऊ द्यायचे. वीजबिल भरायचं. घर फक्त राहण्यासाठी वापरायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. विचारल्याशिवाय भिंत, वायरिंग, नळ यांत बदल करायचा नाही. मालक कळवून आला तर घर दाखवायचं.
मालकाने: सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा. लॉक-इनमध्ये घर सोडायला सांगायचं नाही. घर सोडल्यावर ५०,००० बिनव्याजी परत करायचे, थकबाकी आणि मोडतोड वजा करून.

तारखा
दरमहा: भाड्याची तारीख (करारात बघून).
३० नोव्हेंबर २०२५: लॉक-इन संपतो.
३० एप्रिल २०२६: करार संपतो, त्या दिवशी घर रिकामं हवं.
घड्याळ: सोडायचं ठरलं की एक महिना आधी लेखी नोटीस.
(आपली सूचना: मार्च २०२६ मध्ये नव्या कराराचं बोलणं.)

नाही केलं तर
लॉक-इनमध्ये सोडलं: ३० नोव्हेंबरपर्यंतचं उरलेलं भाडं. उदा. १५ ऑक्टोबरला निघाला तर ऑक्टोबरचं भरलेलं परत नाही, वर नोव्हेंबरचे १८,०००.
लॉक-इनमध्ये मालकाने सोडायला लावलं: नुकसानभरपाई, पण किती ते लिहिलेलं नाही.
३० एप्रिलनंतर राहिला: दिवसाला १,२००.
भाडं चुकवलं किंवा अट मोडली: मालक एक महिन्याची नोटीस देऊन करार रद्द करू शकतो.

करारात स्पष्ट नाही, विचारायचं
लॉक-इन चालू असताना नोटीस चालेल का? घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत? दिलं नाही तर काय? शेवटच्या महिन्याचं वीजबिल नंतर येतं, ते कसं वळतं करायचं? लॉक-इन मोडल्यास नोटिशीच्या महिन्याचं भाडं वेगळं धरणार का?

मेंटेनन्सची ओळ मी मालकाकडे टाकलीय, कारण नमुन्यात ती बहुधा तशी असते. पण हे करारागणिक बदलतं, आणि मोठ्या सोसायट्यांत महिन्याला तीन-चार हजारांचा प्रश्न असतो. तेव्हा ते कलम दोनदा वाचा. पार्किंगचंही तसंच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. करार नोंदवलेला आहे की नाही हे आधी बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि १९९९ च्या त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार लेखी स्वरूपात नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तुमच्याकडे आलेले फोटो नुसत्या स्टँपपेपरवरच्या सह्यांचे असतील तर पानाच्या अगदी वर "नोंदणी झालेली नाही" असं ठळक लिहा. ती मालकाची जबाबदारी म्हणूनही यादीत येते.

दुसरं, करारात लिहिलेला भुर्दंड आणि प्रत्यक्षात वसूल होणारा भुर्दंड एकच असतात असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. लॉक-इन मोडल्यावर आठवड्याभरात मालकाला दुसरा माणूस मिळाला तर पूर्ण भाडं वाजवी ठरेल का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. हे तुमच्या पानावर लिहू नका. पान "करारात काय आहे" एवढंच सांगणारं ठेवा. वाद सुरू झाला असेल, मालकाची नोटीस आली असेल किंवा डिपॉझिट अडकलं असेल, तर हे पान आणि मूळ करार घेऊन वकिलाकडे जा. पान केलेलं असलं की त्या बैठकीचा निम्मा वेळ वाचतो, हे मी टेबलाच्या या बाजूने सांगते.

पान तयार झालं की आईबाबांना वाचून दाखवू नका, त्यांच्या हातात द्या आणि तीन प्रश्न विचारा. पोराला दिवाळीनंतर लगेच घर सोडावं लागलं तर किती पैसे जातील? मालकाने सप्टेंबरमध्ये जा म्हटलं तर? मे महिन्यात चार दिवस जास्त राहिला तर? पहिल्याचं उत्तर त्यांनी पानावर बोट ठेवून दिलं पाहिजे. दुसऱ्याला "जा म्हणता येत नाही, म्हटलं तर भरपाई आहे, पण किती ते लिहिलेलं नाही" असं यायला हवं. तिसऱ्याला ४,८००. ज्या प्रश्नाला ते तुमच्या तोंडाकडे बघतील, ती ओळ पुन्हा लिहा. बहुधा तिथे एखादा करारातला शब्द तसाच राहून गेलेला असतो.